दुसऱ्यांदा तोच स्कोर आला, म्हणजे बदल झाला नाही?

समजा, तुमच्यासमोर एका रुग्णाचे दोन रिपोर्ट आहेत. एपिलेप्सीसाठी त्याच्या मेंदूच्या डाव्या टेम्पोरल भागावर शस्त्रक्रिया झाली. आधी शब्द-स्मरणाच्या चाचणीत त्याला ४५ गुण होते, नंतर ४०. चाचणी अशी असते: १५ शब्द वाचून दाखवायचे, आठवतील तितके म्हणायला लावायचे, हे पाच वेळा. म्हणजे जास्तीत जास्त ७५ गुण. पाच गुणांची घट झाली, पण एवढं इकडेतिकडे होणारच, असं म्हणून रिपोर्टवर 'लक्षणीय बदल नाही' लिहिलं जातं. इकडे बायको सांगतेय की ह्यांना सांगितलेलं काहीच लक्षात राहत नाही. खरं कोणाचं?

आता बघा, तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की काहीही उपचार न होता बहुतेकांचे गुण वाढतात. हा सराव-परिणाम. काही शब्द आठवणीत राहिलेले असतात, हे उघड कारण. पण दुसरं कारण जास्त चिवट आहे: माणूस चाचणी द्यायची कशी तेच शिकलेला असतो. पाच वेळा विचारणार हे माहीत असतं, शब्दांची जोडी लावायची युक्ती सापडलेली असते, पहिल्या दिवसाची धास्ती गेलेली असते. म्हणूनच दुसरी, समांतर यादी वापरली तरी वाढ कमी होते, पूर्ण जात नाही. (खरे शब्द मी इथे मुद्दाम देत नाहीये. ते फुटले तर चाचणीच बाद.) सर्वात मोठी उडी साधारणपणे पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत असते, पुढे ती लहान होत जाते.

मग ४५ नंतर अपेक्षित काय होतं? ४५ नव्हे, त्याहून जास्त. किती जास्त, हे कळायला तुलनेचा गट लागतो. १९९३ मध्ये चेलून आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न एपिलेप्सी शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी सोडवला. त्यांनी शस्त्रक्रिया न झालेल्या एपिलेप्सीच्या रुग्णांची दोनदा चाचणी घेतली, त्यांची सरासरी वाढ काढली आणि ती जेकबसन व ट्रूआक्स यांच्या विश्वसनीय बदलाच्या निर्देशांकात घातली.

आपण आकडे घालून बघू. आकडे काल्पनिक आहेत, सोपे पडावेत म्हणून. गटाचं प्रमाण विचलन ८, चाचणी-पुनर्चाचणी विश्वसनीयता ०.७५, आणि सरासरी वाढ ५ गुण.

```
मापनाची प्रमाण त्रुटी   = ८ × √(१ − ०.७५) = ४
फरकाची प्रमाण त्रुटी   = ४ × √२ ≈ ५.६६
९०% मर्यादा            = १.६४५ × ५.६६ ≈ ±९.३
```

दुसऱ्या ओळीत √२ का? कारण चूक दोन्ही वेळच्या मोजमापात असते.

सराव धरला नाही तर फरक −५. तो ±९.३ च्या आत बसतो, म्हणून 'बदल नाही'. सराव धरला तर अपेक्षा ५० ची होती, मिळाले ४०, म्हणजे −१०. मर्यादेबाहेर. त्याच दोन आकड्यांमधून आता विश्वसनीय घट दिसते आणि बायकोचं म्हणणं बरोबर ठरतं. असे रुग्ण 'बदल नाही'च्या रकान्यात जात राहिले, तर शस्त्रक्रिया स्मृतीला आहे त्यापेक्षा निर्धोक दिसते आणि पुढच्या रुग्णाला संमतीच्या वेळी तेच सांगितलं जातं.

पण थांबा, उलटी चूकही तितकीच सोपी आहे. दुसरा एक रुग्ण ४५ वरून ४२ वर आला. सरावाचे ५ धरून फरक −८, म्हणजे मर्यादेच्या आत. आता कोणी सोयीचा म्हणून निरोगी कॉलेजातल्या मुलांचा गट घेतला, ज्यांची वाढ ८ आहे, तर तोच फरक −११ होतो आणि घट झालेली नसताना घट ठरते. आजारी किंवा वयस्क माणसांना सरावाचा फायदा बऱ्याचदा कमी होतो. त्यामुळे तुलनेचा गट आजार, वय आणि दोन चाचण्यांमधलं अंतर या तिन्हीत जुळता हवा. मॅन्युअलमधले आकडे पुष्कळदा काही आठवड्यांच्या अंतराचे असतात. तुमचा रुग्ण वर्षाने आला असेल, तर तीच वाढ त्याच्यावर लादणं चूक.

आणखी एक त्रुटी या पद्धतीत आहे: ती सगळ्यांना सारखेच ५ गुण देते. पहिल्यांदा खूप कमी गुण पडलेला माणूस दुसऱ्यांदा नुसत्या योगायोगानेही सरासरीकडे सरकतो, तर आधीच ७० वर असलेल्याला वाढायला जागाच नसते. म्हणून आता बरेच जण प्रतिगमन वापरतात: तुलनेच्या गटावरून पहिल्या गुणांवर आधारित दुसऱ्या गुणांचा अंदाज बांधायचा, आणि रुग्ण त्यापासून किती लांब आहे ते बघायचं. मला हे जास्त पटतं, पण त्यासाठी गट मोठा लागतो, आणि तो आपल्याकडे मिळवणं हीच खरी रड आहे.

शिवाय ९०% मर्यादा म्हणजे ठणठणीत माणसांपैकीही सुमारे ५% लोक खालच्या बाजूने बाहेर पडणार. दहा चाचण्या घेतल्यात आणि एकाच ठिकाणी घट दिसली, तर लगेच निदान लिहायला बसू नका. ज्या चाचण्या तीच क्षमता मोजतात त्याही त्याच दिशेने खाली गेल्यात का, ते आधी बघा.