शंभराच्या बाँडवर घेतलेली जागा

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर प्लॅस्टिकची पिशवी ठेवून बसले. पिशवीत एकच कागद होता, तोही लॅमिनेट केलेला. शंभर रुपयांचा स्टँप पेपर, त्यामागे टाइप केलेली तीन पानं, शेवटी नोटरीचा गोल शिक्का, लाल सील आणि कोपऱ्यात नोटरीच्या रजिस्टरचा अनुक्रमांक. मथळा ठळक अक्षरांत : ‘कायम खरेदीखत’. तालुक्याच्या गावातली दीड हजार चौरस फूट जागा, किंमत चार लाख, साल २०१२. लिहून देणाराची सही, लिहून घेणाराची सही, दोन साक्षीदार. ‘संपूर्ण रक्कम मिळाली, कब्जा दिला, आता माझा वा माझ्या वारसांचा काही हक्क राहिला नाही’ असं सगळं रीतसर लिहिलेलं.

“वकीलसाहेब, पैसे मोजून दिलेत, नोटरी केलीय, कुंपण घातलंय. आता अजून काय राहिलं?” ते म्हणाले.

राहिलं होतं ते एवढंच, की जागा त्यांच्या मालकीची झाली नव्हती.

मूळ मालक २०१९ साली वारले. मुलांनी मिळकत पत्रिकेवर वारसनोंद करून घेतली आणि २०२१ मध्ये तीच जागा एका व्यापाऱ्याला विकली. या वेळी मात्र दुय्यम निबंधकाकडे जाऊन, पूर्ण मुद्रांक शुल्क भरून. व्यापाऱ्याच्या वकिलाने नोंदणी कार्यालयात तीस वर्षांचा शोध घेतला होता. त्यात कंडक्टरांचं नाव कुठेच नव्हतं, कारण नोटरीकडे केलेला व्यवहार नोंदणी खात्याच्या सूचीत येतच नाही. नोटरीने दिलेला क्रमांक त्याच्या स्वतःच्या वहीतला असतो. समोरच्या माणसाने आपल्यापुढे सही केली, एवढ्याचीच ती साक्ष.

कायदा इथे कमालीचा सरळ आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याचं ५४ वं कलम सांगतं की शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. शंभराची ही मर्यादा तेव्हापासून आजतागायत हललेली नाही, त्यामुळे आज व्यवहारात प्रत्येक जागा तिच्यात येते. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं १७ वं कलम असा दस्त नोंदवणं सक्तीचं करतं आणि ४९ वं कलम न नोंदवल्याचा परिणाम सांगतं : त्या दस्ताचा मिळकतीवर काहीही परिणाम होत नाही आणि त्या व्यवहाराचा पुरावा म्हणून तो वाचता येत नाही. पैसे दिले, कब्जा घेतला, लाइटबिल नावावर आलं, तरी मालकी विकणाऱ्याकडेच राहते. तो गेला की वारसांकडे जाते. म्हणजे २०२१ मध्ये मुलांनी जे विकलं, ते कागदोपत्री त्यांचंच होतं.

इथे बहुतेकांचा एक घोटाळा होतो, आणि खरं सांगायचं तर काही वकिलांचाही. मुद्रांक आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच खोलीला दोन कुलुपं म्हणा. दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या, आणि एक उघडलं म्हणून दुसरं उघडत नाही.

मुद्रांक शुल्क हा राज्याचा कर. महाराष्ट्रात तो १९५८ च्या मुद्रांक अधिनियमाप्रमाणे लागतो, आणि ठरलेली किंमत व रेडीरेकनरची किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतो. स्टँप पेपर शंभराचा घेतला म्हणून शुल्क भरलं असं होत नाही. खरेदीखतावर शंभर रुपये म्हणजे न भरल्यातच जमा. (ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या कागदाची जागा पाचशेच्या कागदाने घेतली आहे. खरेदीखतापुरता त्याने काडीचाही फरक पडत नाही.) शुल्क अपुरं असेल तर ३४ व्या कलमामुळे कोर्ट तो कागद कोणत्याही कारणासाठी पुराव्यात घेत नाही, उलट जप्त करून ठेवतं.

हे कुलूप मात्र पैशाने उघडतं, आणि कितीही वर्षांनी उघडतं. कंडक्टरांच्या कागदाचाच हिशोब घ्या. २०१२ ची सरकारी किंमत पाच लाख आणि सगळं मिळून शुल्क पंचवीस हजार धरू. कमी भरलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड, म्हणजे महिन्याला पाचशे. नऊ वर्षांचे १०८ महिने, दंड चोपन्न हजार. मूळ पंचवीस हजारांसह एकोणऐंशी हजार. दंडाला कमी पडलेल्या शुल्काच्या चौपटीची मर्यादा आहे, म्हणजे इथे एक लाख. रक्कम टोचते, पण भरली की मुद्रांकाची अडचण संपली.

नोंदणीचं कुलूप पैशाने उघडत नाही, ते वेळेने बंद होतं. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला हजर करावा लागतो. उशिराचं सबळ कारण असेल तर दंड भरून आणखी चार महिने मिळतात. तो दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. आठ महिने उलटले की त्या कागदाची नोंदणी संपली. कितीही दंड भरायची तयारी असली तरी दुय्यम निबंधकाला तो घेता येत नाही. सरकारने मुद्रांक शुल्काच्या अभय योजना काढल्या, लोकांनी दंडात सवलत घेऊन शुल्क भरलं आणि पावती घेऊन समाधानाने घरी गेले. त्या पावतीने कागद पुराव्यात वाचता येतो. नोंदणीची जागा ती घेत नाही.

चार महिन्यांच्या मुदतीचा एक उपयोग फार थोड्यांना माहीत असतो. विकणाऱ्याने सही केली आणि नंतर नोंदणीला यायचं टाळायला लागला, तर घेणारा एकटाही दस्त हजर करू शकतो. मग सही करणाऱ्याला समन्स काढता येतं. तो आला नाही किंवा ‘सही माझी नाहीच’ म्हणाला, तर दुय्यम निबंधक नोंदणी नाकारतो, पण त्यावर तीस दिवसांत जिल्ह्याच्या निबंधकाकडे जाता येतं, आणि तिथेही नकार मिळाला तर पुढच्या तीस दिवसांत दिवाणी कोर्टात. सगळी मदार तारखांवर. कंडक्टरांना हे २०१२ मध्ये कुणी सांगितलं असतं, तर माझी त्यांच्याशी ओळख झाली नसती.

मी त्यांना विचारलं, तेव्हाच रजिस्टर का नाही केलं? मुलीचं लग्न होतं. शुल्क आणि फी मिळून तीस हजार वाचत होते, आणि विकणारा गावातलाच, रोज चहाला भेटणारा. “पुढच्या वर्षी करू म्हणाला. तो फसवणारा नव्हता हो,” ते म्हणाले. मला ते पटतं. अशा प्रकरणांत विकणारा बहुतेकदा प्रामाणिकच असतो. फक्त तो मरतो, आणि मुलांना वडिलांनी चहाच्या टपरीवर दिलेला शब्द माहीत नसतो. कधी माहीत असूनही जागेचा भाव पाचपट झालेला असतो.

मग हातात काहीच उरत नाही का? उरतं. कलम ४९ लाच एक पळवाट जोडलेली आहे. न नोंदवलेला दस्त मालकीचा पुरावा होत नाही, पण ‘जागा विकायचं ठरलं होतं’ या कराराचा पुरावा म्हणून, करारपूर्तीच्या दाव्यात तो दाखवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एस. कलादेवी प्रकरणात न नोंदवलेलं खरेदीखत याच मर्यादेत पुराव्यात घेऊ दिलं. अर्थात त्याआधी मुद्रांकाचं कुलूप उघडावं लागतं, म्हणजे ते एकोणऐंशी हजार आलेच.

‘कब्जा माझ्याकडे आहे, मला कोण हलवणार’ हा युक्तिवाद पूर्वी चालायचा. करार लेखी असेल आणि घेणाऱ्याने कब्जा घेऊन आपली बाजू पुरी केली असेल, तर १८८२ च्या कायद्याचं कलम ५३-अ ढालीसारखं उपयोगी पडायचं, करार नोंदवलेला नसला तरीही. २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या करारांना ती ढाल नोंदणीशिवाय मिळत नाही. २०१२ चा कागद तिच्याबाहेर पडला.

तरीही कंडक्टरांचं कुंपण वाया गेलं नाही, आणि या प्रकरणात मला सगळ्यात रस वाटला तो इथेच. दुसऱ्या खरेदीदाराविरुद्ध करारपूर्ती मागता येते. अपवाद फक्त त्याचा, ज्याने पैसे मोजून, सद्भावनेने आणि आधीच्या कराराची कल्पना नसताना जागा घेतली. आणि कायदा असं धरतो की जागेत कुणी प्रत्यक्ष राहत किंवा वहिवाटत असेल, तर त्याच्या हक्काची सूचना नव्या घेणाऱ्याला मिळालेलीच आहे. त्याने जाऊन विचारायला हवं होतं. व्यापाऱ्याच्या वकिलाने तीस वर्षांचे कागद चाळले. जागेवर मात्र कुणी गेलं नाही. तिथे तारेचं कुंपण होतं, पत्र्याची शेड होती आणि शेडच्या दाराला कंडक्टरांचं कुलूप होतं. आमचा दावा या शेडवर उभा आहे. मुलांनी खत करून द्यायला नकार दिल्यापासून तीन वर्षांच्या आत तो दाखल झाला. तो दिवस टळला असता तर शेडचाही उपयोग नव्हता.

समोरचा वकील शेड २०२१ नंतर बांधली म्हणतो. आम्ही विजेच्या मीटरची जुनी बिलं काढली आहेत. जागेला नव्या कोऱ्या खरेदीखतासह एक मालक आहे आणि जुन्या लॅमिनेट केलेल्या कागदासह दुसरा माणूस तिच्यात बसलेला आहे. दोघांनीही पैसे दिलेत. वारसांनी व्यापाऱ्याकडून घेतलेली रक्कम कधीच वाटून टाकली.

तुमच्याही कपाटात असा नोटरी केलेला कागद असेल, तर आधी शेवटचं पान बघा. नोंदवलेल्या दस्ताला दुय्यम निबंधक कार्यालयाचा शिक्का आणि दस्त क्रमांक असतो, अलीकडच्या दस्तांवर दोन्ही बाजूंचे फोटो आणि अंगठेही, आणि त्याची सूची क्रमांक दोन निघते. नुसता नोटरीचा शिक्का असेल तर तारीख बघा. आठ महिने झाले नसतील तर उद्याच नोंदणी कार्यालयात जा. होऊन गेले असतील, तर लिहून देणाऱ्याच्या घरी जा आणि तो हयात आहे तोवर त्याच्याकडून नवं खरेदीखत करून, नोंदवून घ्या.