फळा उजवीकडून वाचा

सॉफ्टवेअर करणाऱ्या बहुतेक टीमकडे कामांचा एक फळा असतो, भिंतीवर नाहीतर स्क्रीनवर. प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं आणि ते डावीकडून उजवीकडे सरकतं: करायचं आहे, चालू, रिव्ह्यू, टेस्टिंग, झालं. रोजच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीत एकेक जण काल काय केलं, आज काय करणार हे सांगतो. त्यात माणसं किती कामात आहेत ते कळतं, पण कुठलं काम अडलंय ते कळतच असं नाही.

कानबान पद्धतीत बैठक माणसांभोवती नाही, कार्डांभोवती फिरते आणि ‘झालं’च्या अगदी अलीकडच्या रकान्यापासून सुरू होते. समजा, पाच जणांची टीम आहे. ‘वीजबिल भरल्यावर ईमेलने पावती’ हे कार्ड सहा दिवस टेस्टिंगमध्ये पडून आहे. चाचणीच्या सर्व्हरवरून मेलच जात नाही, कारण तिथल्या मेल खात्याचा पासवर्ड संपलाय. टेस्टरने तशी नोंद केली, डेव्हलपर मात्र पुढच्या कामाला लागलाय. आपापलं सांगायच्या बैठकीत दोघांचंही बोलणं खरंच असतं आणि कार्ड तिथेच राहतं. उजवीकडून सुरुवात केली की पहिला प्रश्न याच कार्डाचा येतो: हे पुढे सरकायला काय हवं? ज्याच्याकडे सर्व्हरचा ॲक्सेस आहे तो बैठक संपताच पासवर्ड बदलतो. मग रिव्ह्यूतली दोन कार्डं. नवं काम उचलायला निघालेली डेव्हलपर आधी ती तपासायला घेते. ‘करायचं आहे’चा नंबर सगळ्यात शेवटी.

हा क्रम का, तर पावतीच्या कामावर जवळजवळ सगळी मेहनत खर्च झालेली आहे, पण ग्राहकाला तिचा अजून काडीचा उपयोग नाही. शिवाय अर्धवट कामं साचली की प्रत्येक कामाला उशीर होतो. याचा हिशेब जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमात आहे. बारा कामं हातात असतील आणि आठवड्याला तीन पुरी होत असतील, तर एका कामाला सरासरी चार आठवडे लागतात. त्याच वेगाने हातात सहाच ठेवली, तर दोन. म्हणूनच रकान्यात एका वेळी किती कार्डं असावीत याची मर्यादा ठरवतात. उजवीकडचं एक बाहेर पडल्याशिवाय डावीकडून नवं ओढायचं नाही.

प्रत्येक कार्ड वाचायला घेतलं तर मात्र वेळ पुरत नाही. अडलेली आणि नेहमीपेक्षा जास्त दिवस रेंगाळलेली कार्डं तेवढी बोलायची, नीट सरकणारी सोडून द्यायची. त्यासाठी कार्ड रकान्यात कधी आलं ती तारीख त्यावर हवी. आणि रोज उजवीकडून सुरू करूनही टेस्टिंगचा रकाना फुगतच गेला, तर दोष बैठकीच्या क्रमात नाही. तिथे हात कमी पडताहेत. अशा वेळी डेव्हलपरांनी नवं काम थांबवून टेस्टिंगला बसावं लागतं, आणि माझ्या मते टीमला सगळ्यात जड जातं ते हेच.