मुंबई हायचं तेल आपलं कसं?

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, भर अरबी समुद्रात, 1974 मध्ये तेल सापडलं. आपली प्रादेशिक हद्द मात्र किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे जेमतेम 22 किलोमीटर. मग हे तेल आपलं कसं? 1976 च्या कायद्याने 200 सागरी मैलांपर्यंत भारताचं अनन्य आर्थिक क्षेत्र ठरवलं. तिथलं तेल, वायू आणि मासळी काढण्याचा हक्क भारताचा. पाण्यावर मालकी मात्र नाही. म्हणून परदेशी जहाज तिथून खुशाल जाऊ शकतं, फक्त तेलाच्या फलाटांभोवतीच्या 500 मीटरच्या सुरक्षा पट्ट्यात त्याने शिरायचं नाही. विनापरवाना जाळं टाकलं, तर तटरक्षक दल त्याला पकडतं. 200 सागरी मैलांपलीकडच्या खुल्या समुद्रात जहाजावर साधारणपणे त्याच्या झेंड्याच्या देशाचाच कायदा चालतो.