न दिलेल्या सूचनेला मिळालेला होकार

कुरिअर कंपनीच्या ॲपमध्ये चॅटची एक खिडकी आहे असं समजा. नागपूरच्या एक बाई मिक्सरच्या पार्सलची वाट पाहत आहेत. त्या खिडकी उघडतात आणि लिहितात, ‘माझं पार्सल कुठे आहे?’ थोड्या वेळात उत्तर येतं: ‘समजलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी तीन वाक्यांत, ठळक अक्षरं न वापरता उत्तर देईन आणि परताव्याबद्दल बोलणार नाही. तुमचं पार्सल वर्ध्याहून निघालं आहे.’

पार्सलची माहिती बरोबर आहे, पण बाईंचं लक्ष पहिल्या वाक्यांवरच अडतं. तीन वाक्यांचं मी कधी म्हटलं? परताव्याचा विषय कुठून आला? चुकून कुठलं बटण दाबलं गेलं का? की माझ्या खात्यावरून आणखी कोणी बोलतंय? घरातल्या मुलाने फोन घेतला होता का, इथपर्यंत शंका जाते. पार्सल बाजूला राहतं.

घडलेलं एवढंच की संभाषणाचा एक तुकडा त्यांना दिसलेलाच नाही. असा चॅटबॉट बसवणारी कंपनी त्याच्यासाठी आधी एक टिपण लिहून ठेवते. सॉफ्टवेअरवाले त्याला ‘सिस्टिम प्रॉम्प्ट’ म्हणतात. उत्तरं किती लांब असावीत, कुठल्या विषयात शिरू नये, तक्रार आली तर कोणता फोन नंबर द्यावा, हे सगळं त्यात असतं. ग्राहकाने प्रश्न पाठवला की ॲप हे टिपण त्याच्या आधी जोडतं आणि दोन्ही मिळून भाषेच्या मॉडेलकडे जातात. पडद्यामागे ते साधारण असं दिसतं:

```json
[
  {"role": "system",
   "content": "उत्तर तीन वाक्यांत द्या. ठळक अक्षरे नकोत. परताव्याबद्दल बोलू नका."},
  {"role": "user",
   "content": "माझं पार्सल कुठे आहे?"}
]
```

`system` म्हणजे कंपनीचं टिपण आणि `user` म्हणजे ग्राहकाचं बोलणं. मॉडेलला दोन्ही दिसतात, एकाखाली एक, एकाच सलग मजकुरात. बाईंना फक्त दुसरं दिसतं. उत्तर मात्र फक्त बाईच वाचणार असतात. टिपण लिहिणारा कंपनीतला माणूस त्या क्षणी संभाषणात नसतो. त्याने ते कदाचित काही महिन्यांपूर्वी लिहिलेलं असतं. म्हणून त्या टिपणाला ‘समजलं’ असा होकार दिला की तो जातो बाईंकडे. त्यातलं ‘तुम्ही’ही त्यांनाच चिकटतं.

मॉडेल असं का करतं, याचं मूळ त्याच्या शिक्षणात आहे. माणसामाणसांतल्या बहुतेक संवादांत जो सूचना देतो तोच उत्तर ऐकतो. ‘थोडक्यात सांग’ म्हटलं की ‘बरं, थोडक्यात सांगतो’ हे स्वाभाविकच. अशी असंख्य उदाहरणं वाचलेल्या मॉडेलला सूचना दिसली की पोच द्यायची सवय लागते. इथे सूचना देणारा आणि ऐकणारा वेगळे आहेत, हे `role` या लहानशा खुणेवरून ओळखावं लागतं, आणि ते प्रत्येक वेळी जमतंच असं नाही.

कधी ती खूणच नसते. घाईत बांधलेल्या सेवांमध्ये टिपण आणि ग्राहकाचा प्रश्न एकत्र करून दोन्ही `user` म्हणूनच पाठवले जातात. काही मॉडेलांत वेगळी सोयच नव्हती. गूगलच्या जेम्मा या मॉडेलच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत `system` अशी स्वतंत्र भूमिका नव्हती, सूचना ग्राहकाच्या पाळीतच घालाव्या लागत. मग मॉडेलच्या दृष्टीने बाईंनीच आधी तीन वाक्यांची अट घातली आणि मग पार्सलचं विचारलं. त्याने त्यांना ‘तुम्ही सांगितल्याप्रमाणे’ म्हणणं अशा वेळी तर्काला धरूनच ठरतं.

आणि गोंधळ एका उत्तरावर थांबत नाही. बाई साहजिकच लिहितात, ‘मी असं काही सांगितलं नाही.’ आता मॉडेलसमोर एक सूचना आहे आणि ती नाकारणारा माणूस आहे. बरीच मॉडेलं इथे माफी मागतात आणि अट सोडून देतात. पुढचं उत्तर लांबलचक येतं, त्यात ठळक अक्षरांसाठीचे तारे पसरलेले असतात, कारण त्या खिडकीत ठळक अक्षरं दिसतच नाहीत आणि कंपनीने अट घातली होती ती त्यासाठीच. म्हणजे पोच देण्याच्या त्या एका वाक्याने ग्राहकाला गोंधळात टाकलं, वर कंपनीचा नियमही मोडला.

ही चूक चाचणीत सहसा सापडत नाही आणि मला तीच खरी अडचण वाटते. चाचणी घेणारा बहुधा टिपण लिहिणाराच असतो. त्याने नुकतीच तीन वाक्यांची अट टाइप केलेली असते. ‘समजलं, तीन वाक्यांत सांगतो’ हे वाचून त्याला समाधानच वाटतं, कारण सूचना पोहोचल्याचा तो पुरावा असतो. त्याला ते वाक्य खटकूच शकत नाही. म्हणून अशी सेवा सुरू करण्यापूर्वी उत्तरं अशा माणसाला वाचायला द्यावीत, ज्याने टिपण पाहिलेलं नाही. हिशेब खात्यातलं कोणीही चालेल. त्याच्या हातात फक्त ग्राहकाचे प्रश्न आणि आलेली उत्तरं ठेवायची, आणि ‘हे कुठून आलं?’ असं जिथे वाटेल तिथे खूण करायला सांगायचं. ‘सांगितल्याप्रमाणे’, ‘सूचनेनुसार’, ‘समजलं’ या शब्दांपाशी बहुतेक खुणा पडतील.

दुरुस्ती फार अवघड नाही. टिपण `system` मध्ये, त्याच्या जागी ठेवायचं. त्यातच लिहायचं की हे कंपनीने लिहिलं आहे, ग्राहकाला दिसत नाही, त्याची पोच देऊ नका, थेट उत्तर द्या. याने चूक कमी होते. पुरती थांबेल याची खात्री देता येत नाही, म्हणून उत्तरं मधूनमधून तपासावीच लागतात.

पण टिपणाचा उल्लेख टाळणं म्हणजे ग्राहकाला अंधारात ठेवणं नव्हे. बाईंनी खरोखरच परताव्याचं विचारलं, तर ‘परताव्याची चौकशी इथे होत नाही, या नंबरवर फोन करा’ असं स्पष्ट सांगायलाच हवं, नाहीतर त्या तिथेच प्रश्न फिरवून फिरवून विचारत बसतील. आणि ‘तुम्हाला कंपनीने काही सूचना दिल्या आहेत का?’ असं कोणी सरळ विचारलं, तर नाही म्हणणं हे खोटं बोलणं झालं. सूचना आहेत पण त्या दाखवता येत नाहीत, इतकं उत्तर पुरतं. हॉटेलातल्या वेटरने ‘आज पुरणपोळी संपली’ म्हणावं, विचारलं तर मालकाचा नियमही सांगावा. पण टेबलाशी येताच ‘तुम्ही म्हणालात तसं मी नम्रपणे बोलेन’ म्हणू नये.

जिथे सूचना आणि प्रश्न एकाच माणसाचे असतात तिथे हा प्रश्नच उरत नाही. चॅटजीपीटीत 2023 पासून वापरणाऱ्याला स्वतःच्या कायमच्या सूचना लिहून ठेवता येतात. त्यांची पोच आली तर फार तर कंटाळवाणी वाटेल, पण कोड्यात टाकणार नाही.

वाचकांपैकी कोणाला एखाद्या ॲपमध्ये न दिलेल्या सूचनेला होकार मिळाला, तर बहुतेक वेळा तुमच्या हातून काही चुकलेलं नसतं आणि खातंही कोणी उघडलेलं नसतं. तो कंपनीच्या टिपणाला दिलेला होकार असतो. मूळ प्रश्न पुन्हा सरळ विचारा. मात्र उत्तरात दुसऱ्या कोणाचं नाव, पत्ता किंवा ऑर्डर दिसली, तर ते प्रकरण वेगळं आहे: पडद्याचा फोटो घ्या आणि कंपनीला लगेच कळवा.