बीप वाजला म्हणजे झालं असं नाही

सकाळचे साडेआठ. शटर अर्धंच वर केलेलं. तालुक्याच्या गावातल्या त्या किराणा दुकानात सहा कामगार काउंटरभोवती उभे होते. आजपासून हाताने बिलं लिहिणं बंद आणि घरपोच ऑर्डरची वहीही बंद. मालकांनी नव्या स्कॅनरपुढे नारळ वाढवला आणि पाच मिनिटं बोलले.

आधी त्यांनी बिस्किटाचा पुडा हातात घेतला. “या पट्ट्यांत किंमत नसते, नुसता आकडा असतो. खाली छापलेला तेरा अंकी आकडा तोच. आपल्याकडच्या पुष्कळ मालावर तो 890 ने सुरू होतो. किंमत आपण कॉम्प्युटरमध्ये भरलेली आहे. ती चुकली, तर बिल चुकणारच.” पाकीट चुरगळून स्कॅन झालं नाही, तर तोच आकडा हाताने टाकायचा. त्यातला शेवटचा अंक आधीच्या बारांचा पडताळा असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला तरी भलताच माल बिलात येत नाही.

किंमत वाढली तरी बारकोड बहुधा तोच राहतो. म्हणजे 45 रुपयांचा जुना पुडा आणि 48 चा नवा, दोन्ही एकाच आकड्याचे. अशा वेळी स्क्रीनवर दोन्ही एमआरपी दिसतात. “पुडा उलटा करून छापलेली किंमत वाचा आणि तीच निवडा,” मालक म्हणाले. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं कायद्याने गुन्हा आहे.

मग ते साबणांकडे वळले, आणि भाषणातलं सगळ्यात मोलाचं इथेच होतं. समजा, चंदनाच्या दहा आणि गुलाबाच्या दहा वड्या आहेत, भाव एकच. गिऱ्हाईक चार चंदन, दोन गुलाब घेतं. घाईत एक गुलाब स्कॅन करून पुढे सहा टाकले. बिल बरोबर, गिऱ्हाईक खूश. पण कॉम्प्युटरमध्ये आता चंदन दहा आणि गुलाब चार, तर फळीवर चंदन सहा आणि गुलाब आठ. संध्याकाळी चंदनाच्या आठ वड्यांची ऑर्डर येते. स्क्रीनवर दहा दिसतात म्हणून ती घेतली जाते, आणि पिशवी भरणारा मुलगा रिकाम्या फळीपुढे उभा राहतो. चूक काउंटरवरची, बोलणी मात्र त्याला.

“वास वेगळा, रंग वेगळा, तर स्कॅन वेगळा,” मालकांनी बजावलं.

काउंटरवरच्या जुन्या काकांनी विचारलं, “गर्दीत ऑर्डरच्या नोंदी रात्री एकदम केल्या तर?” मालक म्हणाले, “नको, काका. पिशवी भरली की ‘पॅक’, मुलगा निघाला की ‘रवाना’, हातात दिली की ‘पोचली’. गिऱ्हाईक मोबाइलवर तेच बघत असतं. पिशवी दुपारी पोचली आणि नोंद रात्री झाली, तर दिवसभर त्याला ती दुकानातच दिसणार.”

जुनी वही मालकांनी फेकली नाही. पहिला महिना रोज रात्री एका फळीवरचा माल मोजून स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडायचा, आणि फरक निघाला तर त्या वहीत लिहायचा, असं ठरलं. पहिल्या रात्रीची फळी साबणांची.