रोज गाडी चालवूनही बॅटरी का उतरते?

सकाळचे सात वाजलेत. मुलाचा युनिट टेस्टचा पेपर आहे. डबा, बाटली, दप्तर सगळं घेऊन तुम्ही गाडीत बसता, चावी फिरवता आणि इंजिन सुरू होण्याऐवजी फक्त ‘कट कट कट’ असा आवाज येतो. मीटरवरचे दिवे मंद होतात. वॉचमनकाका आणि इस्त्रीवाला धावत येतात, गाडीला धक्का मारायचा प्रयत्न होतो आणि शेवटी मुलाला रिक्षात बसवावं लागतं.

अशा वेळी मनात पहिला विचार येतो, ‘गाडी बंद पडून राहिली असती तर समजलं असतं, पण मी तर रोज चालवते!’ खरी गोम इथेच आहे. गाडी रोज निघते, पण दोन-दोन किलोमीटरच निघते.

ठाण्याला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत हेच झालं. तिच्या छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी दीड वर्षात गेली. नवीन बसवली, तीही जेमतेम १४ महिने टिकली. वॉरंटीत बदलून मिळेल म्हणून ती दुकानात गेली, तर दुकानदाराने बॅटरी रात्रभर चार्ज करून परत दिली. म्हणाला, ‘‘मॅडम, बॅटरी खराब नाही, फक्त डिस्चार्ज झाली होती.’’ गॅरेजवाल्याने अल्टरनेटर तपासला, तोही ठीक निघाला. महिन्याभरात गाडी पुन्हा बंद पडली आणि तिने तिसरी बॅटरी विकत घेतली. चार-पाच हजार रुपये पुन्हा गेले.

सहा महिन्यांनी तिसरीही कुरकुरायला लागली, तेव्हा बॅटरीच्या दुकानातल्या एका वयस्कर काकांनी तिला साधा प्रश्न विचारला, ‘‘ताई, दिवसभरात गाडी किती चालते?’’

रोजचा जमाखर्च

तिचं उत्तर असं होतं : सकाळी शाळेत सोडायला आठ मिनिटं, परत यायला आठ मिनिटं. दुपारी आणायला पुन्हा तेवढाच वेळ. म्हणजे दिवसात चार वेळा सेल्फ आणि एकूण ३२ मिनिटं इंजिन सुरू. शिवाय दुपारी शाळा सुटेपर्यंत पंधरा मिनिटं थांबायचं. पेट्रोल वाचावं म्हणून इंजिन बंद, पण चावी ‘ऑन’वर, पंखा आणि गाणी सुरू.

आता बॅटरीचा हिशोब मांडून बघा. बॅटरीची साठवण अँपिअर-अवर, म्हणजे ‘एएच’मध्ये मोजतात. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ एएचची असते. सेल्फ मारताना स्टार्टर मोटर दीडशे अँपिअरच्या आसपास करंट ओढते, पण फक्त दोन सेकंद. म्हणून चार सेल्फचा खर्च जेमतेम ०.३ एएच होतो. ‘सेल्फच बॅटरी खातो’ हा समज तितकासा खरा नाही. गाडी पार्किंगमध्ये उभी असताना अलार्म, घड्याळ आणि सेंट्रल लॉकिंग थोडा थोडा करंट घेत राहतात. तो दिवसाला साधारण ०.७ एएच धरा. सगळ्यात मोठा खर्च शाळेच्या गेटवरचा आहे. पंखा, गाणी आणि गाडीची यंत्रणा मिळून दहा अँपिअर धरले तर पंधरा मिनिटांत अडीच एएच जातात. एकूण खर्च झाला साडेतीन एएच.

आता जमा बघा. इंजिन सुरू झालं की पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर वीज तयार करतो. पण ती आधी एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, फ्युएल पंप आणि हेडलाइट यांना जाते आणि उरलेली बॅटरीत जमा होते. सिग्नलवर, ट्रॅफिकमध्ये इंजिन हळू फिरत असतं, त्यामुळे अल्टरनेटरही कमी वीज देतो. अशा प्रवासात बॅटरीला सरासरी चार अँपिअर मिळाले, तर ३२ मिनिटांत दोन एएचच जमा होतात. म्हणजे रोज दीड एएचची तूट. आकडे प्रत्येक गाडीत थोडे वेगळे असतील, पण दहा-बारा दिवसांत बॅटरी निम्म्यावर कशी येते ते यावरून कळेल.

शेवटचा भाग हळू भरतो

‘मग रविवारी मॉलला जाऊन आले की भरेल ना?’ असं तुम्ही म्हणाल. पूर्ण नाही भरणार. लोकलचा रिकामा डबा आठवा. पहिले प्रवासी भराभर चढतात, पण डबा भरत आला की शेवटच्या माणसांना आत शिरायला वेळ लागतो. बॅटरीचंही तसंच आहे. रिकामी असताना ती पटापट चार्ज घेते, पण ८० टक्क्यांच्या पुढे तिचा वेग मंदावतो. शेवटचे २० टक्के भरायला काही तास लागतात. अल्टरनेटर कितीही चांगला असला तरी हे काम अर्ध्या तासात होत नाही.

यामुळे बॅटरी एकदम शून्यावर जात नाही. ती खाली गेली की चार्ज जास्त घ्यायला लागते आणि कुठेतरी निम्म्याच्या आसपास येऊन स्थिरावते. गाडी सुरू होत राहते, म्हणून आपल्याला शंकाही येत नाही. पण बॅटरीचा जीव याच काळात जातो.

बॅटरी डिस्चार्ज होते तेव्हा आतल्या शिशाच्या प्लेट्सवर लेड सल्फेटचा बारीक थर बसतो. लगेच पूर्ण चार्ज केलं तर तो पुन्हा विरघळतो. पण आठवडेच्या आठवडे तसाच राहिला तर त्याचे कडक खडे होतात. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षाराचा थर चढतो ना, तसंच काहीसं. प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो. बादलीभर पाणी मावणारी बॅटरी हळूहळू तांब्याएवढी होते. मग एखाद्या दिवशी पाऊस असतो, वायपर, लाइट आणि काचेचा डिफॉगर एकदम चालू असतो आणि दुसऱ्या सकाळी गाडी उठत नाही.

तीन वेळा व्होल्ट मोजा

दोष कुठे आहे ते घरीच कळू शकतं. इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो डीसी व्होल्टवर ठेवून लाल पिन बॅटरीच्या प्लसला आणि काळी मायनसला लावायची.

पहिलं मोजमाप सकाळी, गाडी सुरू करण्याआधी घ्या. गाडी थांबवल्यावर लगेच मोजलं तर आकडा फसवा, जास्त दिसतो. १२.६ किंवा १२.७ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण आणि १२.२ म्हणजे निम्मी. मैत्रिणीच्या बॅटरीने १२.२ दाखवलं.

दुसरं मोजमाप इंजिन सुरू असताना घ्या. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर अल्टरनेटर चार्ज करतो आहे. तिच्याकडे १४.२ आला. काही नव्या गाड्यांमध्ये संगणक गरजेप्रमाणे अल्टरनेटर कमी-जास्त करतो, तिथे आकडा मध्येच खाली दिसला तरी घाबरू नका.

तिसरं मोजमाप बॅटरी चार्जरने पूर्ण भरल्यावर घ्यायचं. गाडी दोन दिवस न चालवता उभी ठेवा आणि मोजा. आकडा १२.६ च्या आसपास टिकला तर बॅटरी धडधाकट आहे आणि कुठे गळतीही नाही, दोष छोट्या फेऱ्यांचाच. दोन दिवसांत १२.३ किंवा त्याखाली आला तर एक तर बॅटरीचा सेल गेला आहे किंवा काहीतरी गुपचूप करंट खात आहे. पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम आणि बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर आधी तपासून घ्या.

उपाय काय?

खाली गेलेल्या बॅटरीला चार्जरच हवा. पूर्ण भरल्यावर आपोआप थांबणारा चार-पाच अँपिअरचा स्मार्ट चार्जर घ्या. निम्मी झालेली ३५ एएचची बॅटरी त्यावर रात्रभर ठेवावी लागते, कारण चार-पाच तासांत बराचसा चार्ज होतो आणि उरलेला वेळ तो शेवटचा हट्टी भाग घेतो. गाडीत स्टार्ट-स्टॉप यंत्रणा असेल तर बॅटरी ‘ईएफबी’ किंवा ‘एजीएम’ प्रकारची असते, तिला चालणाराच चार्जर घ्या. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जागा हवेशीर हवी आणि जवळ काडी, उदबत्ती, ठिणगी काही नको.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग नसेल तर बॅटरी काढून दुकानात चार्जिंगला देता येते. काढताना आधी मायनसची तार सोडवायची आणि बसवताना ती सगळ्यात शेवटी लावायची. बॅटरी नऊ-दहा किलोची असते आणि आत अॅसिड असतं, त्यामुळे ती आडवी करू नका.

चार्जर लावला आणि तासाभरातच ‘फुल’ दाखवलं, पण सेल्फ मारताना व्होल्ट ९.६ च्याही खाली कोसळले, तर सल्फेटने बॅटरी संपली आहे असं समजा. तिला वाचवण्यात पैसे घालवू नका.

अनेक घरांत गाडी जागेवरच दहा मिनिटं सुरू ठेवायची सवय असते. त्याने पेट्रोल जळतं, बॅटरीला मात्र फारसं काही मिळत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा ४५ मिनिटं ते तासभर मोकळ्या रस्त्यावर सलग गाडी चालवा. चांगल्या बॅटरीला तेवढं पुरतं. तेही जमत नसेल तर महिन्यातून एकदा रात्रभर चार्जर लावा.

मैत्रिणीने तिसरी बॅटरी वेळेत चार्ज केली, दुसऱ्या संध्याकाळी १२.७ व्होल्ट दिसले. आता ती शाळेच्या गेटवर चावी पूर्ण बंद करते आणि झाडाखाली उभी राहून इतर आयांशी गप्पा मारते. रविवारी गाडी घेऊन घोडबंदर रोडने आईकडे जाऊन येते. या बॅटरीला आता अडीच वर्षं होत आली आहेत आणि सकाळी मीटर अजून १२.६ दाखवतो. तुम्हीही उद्या सकाळी चावी फिरवण्याआधी एकदा मोजून बघा.