पाच वर्षांत चार पत्ते

नोकरीसाठी पोलीस पडताळणी लागेल, असा एचआरचा मेल आला की बरेच जण आधारवरचा गावचा पत्ता कळवून मोकळे होतात. घोळ तिथेच होतो. भाडेकरारावर कोथरूड, बँकेत हिंजवडी आणि अर्जात नांदेड दिसलं, की पडताळणी करणारी एजन्सी शंका काढते. घरं बदलणं गुन्हा नाही. तारखा न जुळणं मात्र नडतं. उत्तर असं द्यावं: “पाच वर्षांत चार पत्ते झाले. महिन्यांसह यादी जोडली आहे. तीन ठिकाणचे भाडेकरार आहेत. जून ते ऑगस्ट २०२२ पीजीत होते, तिथे करार नव्हता. भाडं बँकेतून दिल्याच्या नोंदी आहेत. त्या चालतील का? आणि किती वर्षांचे पत्ते हवेत?” आधार-पॅनच्या प्रती मात्र ऑफर लेटर हाती आल्यावरच पाठवाव्यात.